तीन दिवस उशिरा

निर्णय कळवायला आमच्याकडे मोजके दिवस होते. निवासी शाळेचं पत्र आलं होतं. मुलीला जागा मिळाली होती आणि ती घ्यायची की नाही एवढंच आम्ही सांगायचं होतं. मुलगी ११ वर्षांची. ती तशी सगळ्याच विषयांत बरी आहे, पण गणिताचं तिचं प्रकरण वेगळं आहे. वर्गात नवा भाग सुरू झाला की दुसऱ्या दिवशी ती तो संपवून बसते आणि पुढचे तीन आठवडे खिडकीबाहेर बघते. तिच्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्यापुढे आणखी बरीच मुलं असतात. निवासी शाळेत गणिताचा स्वतंत्र गट होता, संध्याकाळी शिक्षक भेटत होते आणि तिच्यासारखीच खिडकीबाहेर बघणारी आणखी आठ-दहा मुलं होती.

नवऱ्याचं मत पहिल्याच रात्री तयार होतं. ‘तिला पाठवायला हवं. आपण आपल्यासाठी तिला अडवतोय.’ माझं मतही तयार होतं, पण ते मत आहे की नुसती धास्ती, हे मला कळत नव्हतं. म्हणून मी वाचायला बसले आणि वहीत मोजायलाही लागले.

मोजणं आधी सांगते, कारण त्यात माझीच फजिती झाली. वर्षातले साधारण ३६ आठवडे शाळा धरली तर सुट्टीचे १६ उरतात, म्हणजे ११२ दिवस. ११ ते १८ अशी सात वर्षं धरली तर मुलगी ७८४ दिवस आमच्याकडे असेल. घरी राहिली तर हाच आकडा अडीच हजारांच्या वर जातो. हे मी नवऱ्याला मोठ्या विजयी मुद्रेने दाखवलं. तो म्हणाला, ‘त्या अडीच हजार दिवसांत तू तिच्याशी बोलतेस किती, तेही लिही की.’

लिहिलं. दोन आठवडे रोज रात्री वहीत नोंद केली. आम्ही एका छताखाली जागे असतो तो वेळ भरपूर निघाला, पण त्यातला बहुतेक भाग ‘दप्तर भरलंस का’, ‘दिवा बंद कर’, ‘किती वेळा सांगायचं’ यातच गेलेला. ज्याला बोलणं म्हणता येईल असं दोन आठवड्यांत मिळून जेमतेम साडेतीन तास. तेही सलग कधीच नाही. पाच मिनिटं इथे, आठ मिनिटं तिथे. वेणी घालताना, गाडीत सिग्नलला थांबल्यावर, दिवा मालवल्यावर. ‘चल, आता बोलू या’ म्हणून मी मुद्दाम बसले त्या दोन्ही वेळा तिने मला शाळेतलं वेळापत्रक ऐकवलं.

म्हणजे घरी राहिली की जवळीक आपोआप मिळते, हा माझा समज खोटा ठरला. मात्र जी काही जवळीक होती ती सगळी उरल्यासुरल्या वेळातली होती, आणि उरलासुरला वेळ सुट्टीच्या ११२ दिवसांत साठवून ठेवता येत नाही. तेव्हा ही वही माझ्या बाजूची की नवऱ्याच्या, यावर आमचा एक वाद होऊन गेला.

मग मी शाळेच्या बाजूने काय सिद्ध झालंय ते पाहिलं. अशा शाळांतली मुलं पुढे जातात हे खरं, पण तिथे जाणारी मुलं मुळातच निवडलेली असतात आणि त्यांची घरंही. त्यामुळे यशाचं श्रेय शाळेचं किती आणि मुलांचं किती, हे नुसत्या निकालांवरून कळत नाही. ते कळायचं असेल तर सारख्याच मुलांत चिठ्ठ्या टाकून काहींना पाठवावं आणि काहींना नाही. फ्रान्समध्ये तसं घडलेलं आहे. पॅरिसपासून दूर सूर्दं नावाच्या गावी २००९ मध्ये बेताच्या परिस्थितीतल्या होतकरू मुलांसाठी एक सरकारी निवासी शाळा निघाली. अर्ज जागांपेक्षा जास्त आले, म्हणून सोडत काढली गेली. बेहागेल, द शेझमार्तँ आणि गुर्गां या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सोडतीत लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची पुढे दोन वर्षं तुलना केली.

पहिल्या वर्षाअखेर अभ्यासात काहीच फरक नव्हता. फरक होता तो मुलांच्या मनःस्थितीत: निवासी शाळेतली मुलं घरी राहिलेल्यांपेक्षा कमी सुखी होती. दुसऱ्या वर्षाअखेर मन सावरलं आणि गणितात मोठी झेप दिसली. पण ती झेप मुख्यतः आधीपासून हुशार असलेल्या मुलांची होती. जी मुलं सुरुवातीला मागे होती त्यांच्या पदरात फारसं पडलं नाही.

हे वाचून मी वही मिटली, कारण हे तर माझ्या मुलीचंच वर्णन होतं. गणित, आणि तेही आधीपासून पुढे असलेलं मूल. एक वर्ष वाईट जाईल आणि मग फळ मिळेल. नवऱ्याला दाखवलं तर तो काही बोलला नाही, नुसता हसला.

दोन गोष्टी मात्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आल्या. एक म्हणजे ही मुलं शनिवार-रविवार घरी जात होती. वॉशिंग्टनमध्ये ‘सीड’ नावाची अशीच सोडतीवर प्रवेश देणारी शाळा आहे, तिच्या अभ्यासातही वाचनात आणि गणितात दर वर्षी ठळक फायदा दिसला होता. तिथली मुलंही आठवडाअखेर घरी जात. म्हणजे सोडतीच्या कसोटीला उतरलेला जो फायदा मला सापडला तो पाच दिवसांच्या निवासाचा होता. आमच्या पत्रातल्या शाळेत पहिली भेट सहा आठवड्यांनी होती. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मुलांच्या घरी अभ्यासाला शांत कोपराही नसण्याची शक्यता होती. आमच्या मुलीला कोपरा आहे. तिला नाही ते तिच्या तोडीचं कुणी. हा फरक लहान नाही.

विरुद्ध बाजूचं वाचन मला सोपं गेलं, आणि म्हणूनच त्यावर मी कमी विश्वास ठेवला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉय शॅवेरियन यांनी २०११ मध्ये ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ हा शब्द मांडला. फार लहानपणी घरापासून तुटलेली माणसं मोठेपणी जवळच्या नात्यात कशी गोठून जातात, असं ते निरीक्षण आहे. वाचताना अंगावर येतं. पण ती उपचारासाठी आलेली माणसं होती. जी आलीच नाहीत त्यांचं काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय त्यातली कितीतरी सात-आठ वर्षांची असताना गेलेली. अकराव्या वर्षी स्वतः हो म्हणून जाणारी मुलगी आणि सातव्या वर्षी न विचारता पोचवलेला मुलगा यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही.

तसा एक मुलगा आमच्याच घरात आहे. माझे मोठे दीर नऊ वर्षांचे असताना निवासी शाळेत गेले. आता पन्नाशी उलटली. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘शाळा उत्तमच होती गं. मला काही त्रास झाला नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘सुट्टीत घरी आलो की पहिले दोन दिवस कोणत्या कपाटात काय आहे ते विचारावं लागायचं. तेवढं मात्र आवडायचं नाही.’

सासूबाईंनी त्यांची पत्रं जपून ठेवली आहेत. त्या म्हणाल्या, वाच. मी एका दुपारी सगळी वाचली. पहिल्या दोन वर्षांतली पत्रं जवळजवळ एकसारखी. किती वाजता उठतो, किती वाजता प्रार्थना, कोणत्या विषयात किती गुण, पाऊस पडला. शेवटी ‘मी मजेत आहे, काळजी करू नये’. एकाही पत्रात एकाही माणसाचं नाव नाही. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या एका पत्रात एकदम नाव येतं. एका मुलाने त्यांची कंपासपेटी लपवली म्हणून चार ओळी भरून तक्रार आहे. पुढच्या पत्रात तोच मुलगा मित्र झालेला. तिथून पुढे पत्रं नावांनी, भांडणांनी आणि चुगल्यांनी भरलेली.

ती पत्रं आली तेव्हा पहिली दोन वर्षं सगळे निश्चिंत होते आणि त्या तक्रारीच्या पत्राने घरात काळजी पसरली, असं सासूबाईंनी सांगितलं. खरं तर ते उलट असायला हवं होतं. मूल रुळलं आणि मूल गप्प झालं, या दोन्ही गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. शाळाही दोन्हीला ‘रुळलं’ म्हणते. रुळलेल्या मुलाच्या बोलण्यात माणसं असतात, हेवेदावे असतात. गप्प झालेल्याच्या बोलण्यात वेळापत्रक असतं. (माझ्या वहीतल्या त्या दोन मुद्दाम बसून केलेल्या गप्पा मला इथे आठवल्या आणि बरं वाटलं नाही.)

घरच्या ओढीवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बर यांनी बरंच काम केलं आहे. त्यांनी स्वतः निवासी शाळेत काम केलं आहे आणि मुलांच्या शिबिरांमधून अभ्यास केले आहेत. घराची आठवण जवळजवळ प्रत्येक मुलाला येते, आणि ती येणं हा काही बिघाड नव्हे. फार त्रास होतो तो ज्यांना आधी घराबाहेर राहण्याचा सराव नाही आणि जाण्याच्या निर्णयात ज्यांना काही म्हणायला मिळालं नाही, अशांना. त्यांचा एक सल्ला मला झोंबला. ‘नाही आवडलं तर आम्ही लगेच न्यायला येऊ’ असं मुलाला कधी सांगू नका. मी नेमकं तेच सांगणार होते. त्यात मुलाला ऐकू येतं ते असं की तुला जमेल यावर आमचाच भरवसा नाही. मग पहिल्या वाईट रात्री त्रासातून मार्ग काढायचा सोडून ते न्यायला कधी येतात याची वाट बघत बसतं. आणि आपण गेलो नाही, तर शब्द मोडला असंही होतं. त्यापेक्षा पहिली भेट कधी, किती दिवसांनी, हे कॅलेंडरवर आधी दाखवावं आणि जाण्यापूर्वी दोन-तीन दिवसांचा सराव एकदा तरी करावा.

आम्ही सराव केला. चार रात्री ती तिच्या मावशीकडे राहिली. फोन नाही, फक्त एक पत्र लिहायचं. पत्र आलं, छान होतं. परत आली तीही हसत. पहिला दिवस मजेत, दुसरा मजेत. नवरा म्हणाला, बघ. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर, मी उठून जाणार एवढ्यात ती म्हणाली, ‘आई, मावशीकडे ना, दुसऱ्या दिवशी मी खूप रडले. बाथरूममध्ये. नळ सोडून.’ कारण तसं किरकोळ होतं. मावसभाऊ तिला खेळात घेत नव्हता. ‘मावशीला कळलं का?’ ‘नाही. मी तोंड धुतलं ना.’

त्या रात्री मी वहीची मागची पानं चाळली. तिने मनातलं काही सांगितलं असेल त्यापुढे मी तारीख लिहिली होती, आणि ते घडलं कधी, तेही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसांचं अंतर होतं. एकदा पाच. ही तिची रीत आहे. गोष्ट घडते, ती आत मुरते आणि तीन दिवसांनी अंधारात बाहेर येते. कुणी विचारलं म्हणून येत नाही. शाळेत रविवारी दहा मिनिटांचा फोन असतो. तेवढ्यात असं मूल काय सांगणार? वेळापत्रक सांगेल.

म्हणजे प्रश्न आता जवळीक की शिक्षण असा राहिला नाही. ती सांगणार नाही हे गृहीत धरून, तिने तोंड धुतलंय हे तिथे कुणाच्या लक्षात येईल, एवढाच उरला. शिकवण्याबद्दल मला शंकाच नव्हती.

शाळा आम्ही आधी एकदा पाहिली होती. सकाळी. सकाळी सगळ्याच शाळा सुंदर दिसतात. प्रयोगशाळा, मैदान, ग्रंथालय, नमस्कार करणारी मुलं. मी परवानगी मागितली की आम्हाला संध्याकाळी पाच ते साडेनऊ यायचंय, वसतिगृहात. थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी दिली. मुलीलाही नेलं.

संध्याकाळी पाहिलं ते असं. अभ्यासाचा तास शिस्तीत होता आणि गणिताचे सर खरोखरच बसलेले होते. मुली त्यांच्याभोवती घोळका करून उभ्या, माझी मुलगीही कधी त्यात शिरली ते कळलं नाही. वीस मिनिटांनी ती फळ्यापाशी होती. तिचा तो चेहरा मी घरी फार दिवसांत पाहिला नव्हता. हे लिहायला हवं, कारण पुढचं लिहिताना मी ते विसरल्यासारखं करू शकते.

आठनंतर मी मजल्यावर गेले. ४० मुली आणि एक मेट्रन. बाई भल्या वाटल्या. किती वर्षं आहात विचारलं तर म्हणाल्या, मार्चपासून. आधीच्या? त्या वर्षभर होत्या. रात्री मेट्रन खालच्या मजल्यावर झोपतात, वर मोठ्या वर्गातल्या दोन प्रीफेक्ट मुली असतात. फोन जिन्यात, सगळे येता-जाता ऐकतील असा. मुलीला शाळेतल्या कुणाविरुद्ध बोलायचं असेल तर शाळेबाहेरचं कुणी आहे का, असं मी वॉर्डनना विचारलं. इंग्लंडमध्ये निवासी शाळांच्या किमान मानकांतच अशी बाहेरची व्यक्ती नेमायची आणि मुलांना ती कोण हे सांगायचं बंधन आहे. वॉर्डन म्हणाले, ‘तशी वेळच येत नाही आमच्याकडे.’ गेल्या वर्षी किती मुलं मध्येच सोडून गेली, यावर ‘फारशी नाही’ असं उत्तर मिळालं.

दिवे मालवायच्या आधी एक मुलगी पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. माझ्या मुलीच्याच वयाची. मी तिला विचारलं, रात्री दोन वाजता तुझं पोट खूप दुखायला लागलं तर तू कुणाला उठवशील? मला नाव हवं होतं. एखादं नाव पटकन आलं असतं, अगदी शेजारच्या पलंगावरच्या मैत्रिणीचं आलं असतं, तरी मी बरीच निवळले असते. तिने दाराकडे पाहिलं, तिथे प्रीफेक्ट उभी होती. मग म्हणाली, ‘कुणालाच नाही. सकाळपर्यंत थांबेन.’ ती हे अगदी सहज म्हणाली.

परतताना गाडीत नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘एका मुलीवरून ठरवायचं?’ ते त्याचं बरोबर होतं. एका मुलीवरून नाही ठरवलं. मेट्रन वर्षाला बदलतात, रात्री वर मोठं माणूस नसतं, फोन जिन्यात असतो, आणि आमच्या मुलीला सांगायला तीन दिवस लागतात, हे सगळं एकत्र धरून ठरवलं. दुसरं मूल असतं, लागलीच भोकाड पसरणारं, तर याच शाळेत कदाचित पाठवलंही असतं. आणि घरात रोज भांडणं असती, किंवा तिच्याकडे बघायला आम्हीच नसतो, तर कसलाही हिशेब न करता पाठवलं असतं. तसली घरं असतात आणि तिथल्या मुलांना निवासी शाळेची घंटा हाच पहिला आधार वाटतो.

शाळेला दर शनिवारी मुलीला घरी आणता येईल का, असं विचारून पाहिलं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. मुदत संपायच्या दोन दिवस आधी आम्ही नकार कळवला आणि तेराव्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल का, तेही विचारून ठेवलं. येतो म्हणाले. गणितासाठी आता आठवड्यातून दोनदा एक निवृत्त प्राध्यापक तिला शिकवतात. तिच्यासारखी आणखी आठ-दहा मुलं मात्र आम्हाला सापडलेली नाहीत, आणि एकट्या प्राध्यापकांनी ती उणीव भरून निघणार नाही हे मला दिसतंय. दोन वर्षांत तिचं काय मागे पडेल याचा हिशेब माझ्या वहीत नाही.

नकाराचं तिला सांगितलं तेव्हा तिने काही वाद घातला नाही. ‘बरं’ म्हणाली आणि दप्तर भरायला लागली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी. तिसऱ्या रात्री मी दिवा मालवला आणि मुद्दाम जरा रेंगाळले.

‘आई.’

‘हं.’

‘ती मोजे लावणारी मुलगी म्हणाली ना, सकाळपर्यंत थांबेन.’

‘हो.’

‘मीपण थांबले असते. मला जमलं असतं.’

‘माहीत आहे मला,’ मी म्हणाले.

ती कूस बदलून झोपली. मी बराच वेळ तिथेच अंधारात बसून होते.